भाव सगळे विचारतात, भरपाई कोण विचारतो?

मालेगावच्या बाजारात दोन व्यापारी भेटले आणि माल पाठवण्याचा विषय निघाला, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पाली लाइनला काय भाव देता?" कोणी पाच रुपये किलो सांगतो, कोणी चार. चारवाल्याचा चेहरा खुलतो आणि पाचवाला त्याच रात्री आपल्या ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावतो. ज्या कराराच्या जोरावर हा भाव मिळाला, तो करार मात्र दोघांच्याही कपाटात पडून असतो. त्यात भावाखेरीज आणखी काय लिहिले आहे, माल किती दिवसांत पोहोचवण्याचे कबूल केले आहे आणि गाठ हरवली तर किती रुपये हाती पडतील, हे विचारले तर उत्तर मिळत नाही. ते उत्तर गाठ हरवल्यावर मिळते, आणि तेव्हा ते आपल्या उपयोगाचे राहिलेले नसते.

वाहतुकीच्या करारांतून भाडे, पोहोचण्याची मुदत आणि नुकसानभरपाईची मर्यादा या तीन गोष्टी वेचून मार्गनिहाय तक्ता करण्याचे काम मोठ्या कंपन्यांत स्वतंत्र माणूस करतो. आपल्याकडे ते मुनीमजी किंवा घरातला शिकलेला मुलगा करू शकतो. पण हा तक्ता बहुतेक ठिकाणी चुकीच्या पद्धतीने केला जातो. त्यात भाव असतो, बाकीचे रकाने रिकामे असतात किंवा अंदाजाने भरलेले असतात. माझे म्हणणे असे की या तक्त्यात भावाचा रकाना सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून एक मार्ग घेऊन हिशेब करून दाखवतो.

मालेगावचे कोरे कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली, बालोतरा या गावांना जाते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. समजा, एका कारखानदाराकडे मालेगाव ते पाली या मार्गासाठी दोन ट्रान्सपोर्टवाल्यांचे करार आहेत. त्यांना पहिला आणि दुसरा म्हणू. पुढचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. आपापल्या करारात ते वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील. माल २० गाठी, प्रत्येक गाठ १०० किलोची, कापडाची किंमत किलोला २२० रुपये. म्हणजे एक गाठ २२,००० रुपयांची आणि सगळा माल ४,४०,००० रुपयांचा.

पहिल्याचा भाव ५ रुपये किलो आहे. करारात लिहिले आहे की आकारणी प्रत्यक्ष वजनावर होईल, हमाली भावात धरलेली आहे आणि माल पार्टीच्या दारात पोहोचवला जाईल. बिल्टीचे १०० रुपये वेगळे. २,००० किलोचे १०,००० आणि बिल्टीचे १०० मिळून खर्च १०,१०० रुपये.

दुसऱ्याचा भाव ४ रुपये किलो. पहिल्या पानावर एवढेच ठळक आहे. जोडपत्राच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले आहे की प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी होईल, आणि आकारमानाचे वजन घनफुटाला १० किलो धरले जाईल. आपली गाठ सैल बांधलेली, ३ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. म्हणजे १२ घनफूट आणि आकारणीचे वजन १२० किलो. २० गाठींचे वजन २,००० किलोऐवजी २,४०० किलो झाले आणि भाडे ९,६०० रुपये. त्यावर हमाली गाठीला २० रुपये, म्हणजे ४००. बिल्टी १५०. भाव फक्त पालीच्या गोदामापर्यंतचा आहे. तिथून दारापर्यंत नेण्याचे आकारणीच्या वजनावर किलोला ७५ पैसे, म्हणजे १,८००. एकूण खर्च ११,९५० रुपये.

बाजारात जो चार रुपयेवाला म्हणून ओळखला जातो, तो प्रत्यक्ष किलोला जवळजवळ सहा रुपये घेतो. पाच रुपयेवाला पाच रुपये पाच पैसे घेतो. यात दुसऱ्याने फसवले असे मी म्हणणार नाही. सगळे लिहिलेले होते आणि खाली आपल्या माणसाची सही होती. फसलो ते आपण, कारण तक्त्याच्या एका चौकटीत "४" लिहून पान बंद केले.

म्हणून भाड्याचा रकाना एक नसतो. मूळ भाव, तो कशावर लावायचा (किलो, क्विंटल, गाठ की पूर्ण गाडी), आकारणीचे वजन कसे काढायचे, कमीत कमी भाडे किती, आणि वरचे खर्च कोणते, एवढे सगळे वेगळे लिहावे लागते. शेवटी आपल्या नेहमीच्या मालासाठी दारापासून दारापर्यंत प्रत्यक्ष किलोला काय पडते तो एक आकडा काढायचा. दोन ट्रान्सपोर्टवाल्यांची तुलना त्या एकाच आकड्यावर होऊ शकते. डिझेलचा भाव अमुक रुपयांपुढे गेला तर भाडे अमुक टक्के वाढेल असे कलम असेल, तर ते कलम आणि त्यातला मूळ डिझेल भाव शेजारी नोंदवावा, नाहीतर सहा महिन्यांनी बिल जुळत नाही. करासाठी रकाना वेगळा ठेवावा आणि त्यात काय भरायचे ते आपल्या कर सल्लागाराकडून समजून घ्यावे. तो भाड्यात मिसळला की तुलना बिघडते.

मार्ग म्हणजे काय, हेही आधी ठरवून घ्यावे लागते. करारात पुष्कळदा "महाराष्ट्र ते राजस्थान" असा एकच विभागवार भाव असतो आणि खाली टीप असते की अमुक गावे आडमार्गावरची असल्याने जादा आकार लागेल. तक्त्यात मात्र मालेगाव–पाली आणि मालेगाव–बालोतरा या दोन वेगळ्या ओळी हव्यात, कारण गाडी विभागाला जात नाही, गावाला जाते. परतीचा मार्गही वेगळी ओळ आहे. पालीहून छापून आलेल्या कापडाला जातानाचा भाव लागेल असे गृहीत धरणारे मी पाहिले आहेत. करारात परतीचा उल्लेखच नव्हता.

आता मुदतीकडे येऊ. पहिल्याच्या करारात लिहिले आहे, "बुकिंगच्या तारखेपासून ४ दिवसांत दारात पोहोच." दुसऱ्याच्या करारात, "३ कामकाजाचे दिवस." घाईत तक्ता करणारा पहिल्यासमोर ४ आणि दुसऱ्यासमोर ३ लिहितो. दुसऱ्याच्या व्याख्यांच्या कलमात हे तीन दिवस मालेगावहून गाडी सुटल्यावर सुरू होतात, रविवार धरलेला नाही आणि मुदत पालीच्या गोदामात माल उतरल्यावर संपते. त्याची पालीची गाडी आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी सुटते.

आपल्या मालेगावात जुम्याला यंत्रमाग बंद असतात. शुक्रवारच्या गाडीत माल भरायचा तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत गाठी ट्रान्सपोर्टच्या गोदामात जायला हव्यात. हे जमले नाही आणि माल शनिवारी बुक झाला, तर गाडी मंगळवारी सुटणार. बुधवार, गुरुवार, शुक्रवार हे तीन कामकाजाचे दिवस. शुक्रवारी माल पालीच्या गोदामात, शनिवारी दारात. शनिवार ते शनिवार, पूर्ण सात दिवस. पहिल्याकडे तोच माल बुधवारी पोहोचला असता. छपाईवाल्याकडे आपला नंबर गुरुवारचा लागला असेल, तर या तीन दिवसांची किंमत भाड्याच्या वाचलेल्या पैशांपेक्षा किती मोठी, हे ज्याचा नंबर गेला आहे त्याला विचारावे. आणि इथे तर पैसे वाचलेलेही नाहीत.

तेव्हा मुदतीचे दोन रकाने असावेत. एकात करारातले शब्द जसेच्या तसे, दुसऱ्यात आपण काढलेला आकडा : सर्वांत वाईट दिवशी माल बुक केला तर दारापासून दारापर्यंत कॅलेंडरचे किती दिवस. रवानगी ठरवणाऱ्याने दुसऱ्या रकान्यावर विसंबावे, आणि भांडण झाले तर पहिला रकाना काढावा.

ई-वे बिलाचा हिशेबही इथेच जुळवून पाहावा. साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस अशी त्याची वैधता असते. हा नियम १ जानेवारी २०२१ पासून आहे. आधी १०० किलोमीटरला एक दिवस मिळत असे. मालेगाव ते पाली अंतर सुमारे ९०० किलोमीटर धरले तर पाच दिवस मिळतात. गाडीचा क्रमांक भरला की हे दिवस मोजायला लागतात. माल बुक करतानाच घाईने कोणत्या तरी गाडीचा क्रमांक भरून टाकला आणि माल गोदामात तीन दिवस पडून राहिला, तर वैधता रस्त्यातच संपते. मुदतवाढ संपण्याच्या आधीच्या ८ तासांत किंवा नंतरच्या ८ तासांतच मागता येते. दुसऱ्या ट्रान्सपोर्टसारखी सात दिवसांची ओळ तक्त्यात दिसली, तर क्रमांक गाडी सुटण्याच्या दिवशीच भरायचा हे शेरा रकान्यात आधीच लिहून ठेवता येते.

आता भरपाई. हाच विषयाचा गाभा आहे.

आपल्या बाजारात एक समज पक्का बसला आहे की माल ट्रान्सपोर्टच्या ताब्यात दिला, बिल्टी घेतली, म्हणजे हरवलेल्या मालाची पूर्ण किंमत ट्रान्सपोर्टवाला देणार. हा समज जुना आहे. १८६५ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी रस्ता वाहतुकीचा २००७ चा कायदा आला आणि १ मार्च २०११ पासून तो लागू झाला. या कायद्याच्या कलम १० प्रमाणे ट्रान्सपोर्टची जबाबदारी मर्यादित आहे. २०११ च्या नियमांनी ती मर्यादा भाड्याच्या दहा पट ठरवली आहे, आणि तीही माल पाठवणाऱ्याने फॉरवर्डिंग नोटमध्ये जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. जास्त हवे असेल तर कलम ११ प्रमाणे जादा जोखमीचा दर देऊन तसे लेखी ठरवून घ्यावे लागते.

भाड्याच्या दहा पट! हे दोन शब्द ज्याला समजले, त्याला भाव पाडून घेण्याचा आनंद पूर्वीसारखा होणार नाही. पहिल्याचे भाडे १०,००० रुपये, म्हणून सगळी गाडी जळाली तरी त्याची मर्यादा १,००,००० रुपये. माल ४,४०,००० चा. बाकीचे ३,४०,००० आपले गेले. एकच गाठ हरवली आणि करारात हरवलेल्या नगाच्या भाड्यावर हिशेब करायचे लिहिले असेल, तर त्या गाठीचे भाडे ५०० रुपये, भरपाई ५,००० रुपये, आणि गाठ २२,००० ची. समजा आपण घासाघीस करून पाचाचा भाव साडेचारवर आणला. एका गाठीमागे ५० रुपये वाचले आणि त्याच गाठीची भरपाई ५०० रुपयांनी खाली आली. भावातला प्रत्येक रुपया कमी होतो तेव्हा भरपाईतले दहा रुपये कमी होतात. ट्रान्सपोर्टवाल्याला हे ठाऊक असते. आपल्याला बहुधा नसते.

एक्सेलवर तक्ता करणाऱ्यांसाठी हा हिशेब एका ओळीचा आहे. समजा F रकान्यात मूळ भाडे आणि G रकान्यात जाहीर किंमत असेल, तर भरपाईची मर्यादा अशी :

```
=MIN(10*F2,G2)
```

म्हणजे भाड्याची दहा पट आणि जाहीर किंमत यांतला लहान आकडा. भाडे म्हणजे फक्त मूळ भाडे की हमाली-डिलिव्हरी धरून, हे करारात पाहावे. दुसऱ्याच्या करारात मूळ भाडे एवढेच म्हटले आहे, म्हणून ९,६०० ची दहा पट, ९६,०००. आणि जाहीर किंमत भरताना जे बंधू हात आखडून लिहितात, त्यांनी या सूत्रातला दुसरा आकडा नीट पाहावा. तिथे पन्नास हजार लिहिले असतील, तर चार लाखांच्या मालावर पन्नास हजारांपुढे एक पैसाही मागता येत नाही.

त्या एका मार्गाच्या दोन ओळी आता शेजारी ठेवून पाहा.

| मालेगाव–पाली, २० गाठी | पहिला | दुसरा |
|---|---|---|
| बाजारात सांगितलेला भाव | ५ रु. किलो | ४ रु. किलो |
| दारापासून दारापर्यंत खर्च | १०,१०० रु. | ११,९५० रु. |
| शनिवारी बुक केल्यास पोहोच | ४ दिवस | ७ दिवस |
| सगळा माल गेल्यास मर्यादा | १,००,००० रु. | ९६,००० रु. |
| मर्यादेपलीकडे आपले नुकसान | ३,४०,००० रु. | ३,४४,००० रु. |

शेवटची ओळ बहुतेक तक्त्यांत नसते. ती घालावी असा माझा आग्रह आहे, कारण रवानगी ठरवणाऱ्याने खरे तर तिच्याकडे पाहून निर्णय घ्यायचा असतो. ही ३,४०,००० ची जोखीम कोण घेणार? तीन वाटा आहेत. विमा, जादा जोखमीचा दर, किंवा स्वतः. आपल्या समाजात दीनी कारणांनी विमा न घेणारे पुष्कळ आहेत. त्या प्रश्नात मी शिरत नाही, तो उलमांचा आहे. पण जो विमा घेत नाही, त्याला तर ही चौकट अधिक काळजीने वाचायला हवी, कारण त्याच्या पाठीशी करारातल्या त्या एका कलमाखेरीज काहीच नाही. पहिल्याच्या करारात समजा जादा जोखमीचा दर किमतीवर शेकडा ३० पैसे असेल, तर ४,४०,००० वर १,३२० रुपये भरून मर्यादा मालाच्या पूर्ण किमतीपर्यंत जाते. खर्च १०,१०० चा ११,४२० झाला. तरीही तो दुसऱ्याच्या ११,९५० पेक्षा कमीच आहे. भावाचाच तक्ता करणाऱ्याला हा पर्याय कधी दिसला नसता.

इथे एक सावधगिरी. काही बिलांत किमतीवर आधारलेला एक आकार लागलेलाच असतो आणि आपण समजतो की जोखमीचा दर भरला. तो आकार भरल्याने मर्यादा वाढते, असे करारात आणि फॉरवर्डिंग नोटमध्ये स्पष्ट लिहिलेले असेल तरच ती वाढली असे तक्त्यात धरावे. नसेल तर "लिहिलेले नाही" एवढेच लिहावे आणि ट्रान्सपोर्टवाल्याकडून लेखी उत्तर मागवावे.

उशिराच्या भरपाईबाबत तर आपले व्यापारी हातचे घालवतात. कायद्याप्रमाणे फॉरवर्डिंग नोटमध्ये दोघांनी मिळून लिहिलेल्या मुदतीपर्यंत उशिराची जबाबदारी भाड्याच्या रकमेपुरती असते; ती मुदत ओलांडली की मग दहा पटीचा किंवा जादा जोखमीचा हिशेब लागतो. म्हणजे मुदत त्या नोटमध्ये लिहिलेली हवी. वार्षिक करारात "४ दिवस" असेल आणि रोजच्या नोटमध्ये ती जागा कोरी असेल, तर ऐन वेळी वादाला तोंड फुटते. तक्त्यातला मुदतीचा आकडा प्रत्येक नोटवर उतरवायचा, हे रवानगीच्या माणसाला बजावून ठेवावे. आपली किंवा आपल्या नोकरांची चूक नव्हती हे सिद्ध करून ट्रान्सपोर्टवाला सुटू शकतो, पण सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आहे. निष्काळजीपणा दाखवून देण्याची जबाबदारी कायद्याने आपल्यावर टाकलेली नाही.

दुसऱ्याच्या करारात भरपाईबद्दल वेगळे काही नाही, पण बिल्टीच्या मागे छापले आहे : "माल मालकाच्या जोखमीवर." अशा वेळी तक्ता करणारा गोंधळतो आणि भरपाईच्या चौकटीत शून्य लिहितो. शून्य लिहू नये. जुन्या कायद्याखालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे की मालकाच्या जोखमीवर माल घेतला असला, तरी निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीतून वाहतूकदार सुटत नाही. चौकटीत छापील शब्द जसेच्या तसे लिहावे, पुढे "बिल्टीची मागची बाजू" असा ठिकाणाचा उल्लेख करावा, आणि हिशेबासाठी कायद्याची दहा पटीची मर्यादा वेगळ्या रकान्यात धरावी. कायद्याने ठरवलेले आणि करारात लिहिलेले यांची सरमिसळ करू नये.

प्रत्येक चौकटीला हाच नियम लावावा. आकडा कोणत्या कागदातून, कोणत्या कलमातून, कोणत्या तारखेच्या, हे शेजारी हवे. आपल्याकडे करार एक असतो आणि त्याच्यावर चार पत्रे, दोन व्हॉट्सॲप संदेश आणि एक तोंडी वाढ चढलेली असते. लागू तारखेप्रमाणे ते लावून घेतले नाहीत, तर जुना भाव नव्या मुदतीशेजारी बसतो. आणि जे लिहिलेले नाही ते आपल्या मनाने भरायचे नाही. सूरह बकराच्या आयत २८२ मध्ये मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहिण्याचा हुकूम आहे, हे आपण जाणतोच. तक्ता करणारा मुलगा त्या लिहिणाऱ्याच्या जागी बसलेला असतो.

भरपाईच्या शेजारी एक तारखेचा रकाना हवा. नुकसानीची लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टला पोहोचली नाही, तर दावाच दाखल करता येत नाही, असे कलम १६ सांगते. पोहोचण्याच्या तारखेपासून नव्हे, बुकिंगच्या तारखेपासून. "बघतो, शोधतो, येईल गाठ" असे ऐकत पाच महिने सहज जातात. करारात सात दिवसांत कळवावे असे काही असेल, तर तेही लिहावे आणि लवकरची तारीख पाळावी. पोचपावतीवर सही करताना फाटलेली किंवा कमी आलेली गाठ तिथेच नोंदवायची सूचना पालीच्या माणसाला आधीच द्यावी. कोरी सही झाल्यावर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

तक्ता बरोबर झाला की नाही, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. त्या मार्गाची जुनी पाच बिले काढावीत आणि तक्त्यावरून नव्याने बिल करून पाहावे. रुपया-दोन रुपयांच्या फरकाने जुळले तर ठीक. जुळले नाही तर एक तर आपण कलम चुकीचे वाचले आहे, नाहीतर त्याने बिल जास्त लावले आहे. ४.५० चे ४५० झालेले, क्विंटलचा भाव किलोसमोर बसलेला, आकारमानाचे वजन विसरलेले, अशा चुका या पाच बिलांत उघड्या पडतात. मुदतीसाठीही तेच : पाच बिल्ट्यांच्या तारखा आणि पालीच्या पोचपावत्यांच्या तारखा समोरासमोर ठेवाव्यात.

काही बुजुर्ग म्हणतात, ट्रान्सपोर्टवाला आपलाच माणूस आहे, वीस वर्षांचा संबंध आहे, जबानीवर चालते. मी त्यांच्या संबंधांची कदर करतो. पण गाठ हरवल्यावर तो ट्रान्सपोर्टवाला स्वतः काय सांगतो ते आठवा : "भाई, कंपनीचा नियम आहे." नियम तर पहिल्या दिवसापासून होता. आणि त्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. चार रुपये किलोच्या भाड्यात बावीस हजारांच्या गाठीची पूर्ण हमी कोणी देऊ शकत नाही. जोखमीचा दर वेगळा मागण्यात तो काही गैर करत नाही. फक्त तो दर काय आणि त्यात काय मिळते, हे माल गाडीत चढण्याआधी बोलायचे असते.

ज्यांच्या महिन्याला दोनच गाठी निघतात, अशा मजुरीवर माग चालवणाऱ्या बांधवांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्याकडे करारच नसतो, बिल्टी हाच करार. त्यांची एक गाठ म्हणजे कित्येक आठवड्यांची मेहनत आणि बऱ्याचदा दुसऱ्याचे सूत. त्यांना तक्त्याची गरज नाही, चार प्रश्नांची आहे : आकारणी कोणत्या वजनावर, गाडी कोणत्या वारी, नोटमध्ये किंमत किती लिहिली, आणि जोखमीचा दर किती. एका मोहल्ल्यातले आठ-दहा जण मिळून एकाच ट्रान्सपोर्टशी लेखी करार करतील, तर हे चारही रकाने त्यांच्यासाठी एकदाच भरता येतील, आणि दोन गाठीवाल्याच्या बिल्टीवरही मुदत आणि किंमत लिहून मिळेल.